साबणाचे मायसेल आणि सीएमसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तृतीय वर्ष बी.एस्सी.च्या मुलांकडून दरवर्षी सीएमसीचं प्रॅक्टिकल करून घेतो. तेव्हा जे प्रश्न येतात, आणि आमच्या घरची मंडळी बाथरूममधून ओरडून जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच पदार्थ हाताशी धरला आहे: सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे एसडीएस.

साबणाबद्दल बोलायचं तर उदाहरण एसडीएसचं का?

कारण तो नीट वागतो. अंगाचा साबण म्हणजे पाच-सहा मेदाम्लांच्या सोडियम क्षारांची खिचडी. प्रत्येकाची शेपटी वेगळ्या लांबीची, त्यामुळे आकडेही वेगवेगळे. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि नळाच्या पाण्यातला कॅल्शियम यांनी तो लगेच बिघडतो. एसडीएस काटेकोरपणे बोलायचं तर साबण नव्हे, डिटर्जंट आहे. पण रेणूची घडण तीच: एका टोकाला विद्युतभार असलेलं डोकं, दुसऱ्या टोकाला बारा कार्बनांची सरळ शेपटी. सूत्र C₁₂H₂₅SO₄Na. शाम्पू आणि टूथपेस्टच्या डबीवर बारीक अक्षरांत ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ लिहिलेलं असतं, तो हाच.

सीएमसी म्हणजे नेमकं काय?

पाण्यात एसडीएस थोडा थोडा विरघळवत जा. सुरुवातीला प्रत्येक रेणू एकेकटा फिरतो. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात एका लिटरमागे साधारण 8.2 मिलिमोल, म्हणजे सुमारे 2.4 ग्रॅम, इथवर असंच चालतं. त्यानंतर टाकलेले जवळजवळ सगळे रेणू साठ-साठच्या गोळ्यांत जातात. शेपट्या आत, डोकी बाहेर. हा गोळा म्हणजे मायसेल. ज्या प्रमाणापासून गोळे होऊ लागतात त्याला क्रांतिक मायसेल संहती म्हणतात, पण प्रयोगशाळेत एवढं लांबलचक कुणी बोलत नाही. सगळे सीएमसीच म्हणतात.

8.2 मिलिमोल किती विरळ असतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एसडीएसच्या एका रेणूमागे पाण्याचे जवळजवळ 6,800 रेणू. एवढ्या गर्दीतही शेपट्या एकमेकींना शोधून काढतात.

शेपटीला पाणी आवडत नाही, म्हणून ती पळते. बरोबर ना?

शाळेत असंच सांगतात, आणि चित्र काढायला ते पुरतं. पण ‘द्वेष’ हा शब्द फसवा आहे. शेपटी आणि पाणी यांच्यात थोडं आकर्षणच असतं. अडचण पाण्याची पाण्याशी आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि ते बंध सतत तुटत, जुळत, दिशा बदलत राहतात. मध्ये बारा कार्बनांची शेपटी आली की तिच्याशी असा बंध करता येत नाही. मग तिच्या कडेच्या पाण्याला आपले बंध टिकवण्यासाठी ठरावीक तऱ्हेनेच उभं राहावं लागतं. अंग चोरून उभं राहावं लागतं म्हणा ना. त्याची मोकळीक जाते.

शेपट्या एकत्र गुंडाळल्या की हे अडकलेलं पाणी सुटतं आणि पुन्हा मोकळं होतं. नफा तिथे आहे. याचा पुरावा उष्णतेच्या मापनात मिळतो. 25 अंशांच्या आसपास एसडीएसचे मायसेल बनताना उष्णता जवळजवळ बाहेरही पडत नाही आणि आतही घेतली जात नाही. शेपट्यांच्या आपसातल्या ओढीनेच हे घडत असतं तर उष्णता चांगली जाणवली असती. इथे काम करते ती एन्ट्रॉपी, आणि तीही मुख्यतः पाण्याची.

मग डोक्याचं काम काय?

डोकं नसतं तर शेपट्यांचा सरळ तेलाचा थर झाला असता. डोक्यावर ऋण भार असतो, पाणी त्याच्याभोवती आनंदाने जमतं आणि त्याला आत जाऊ देत नाही. शिवाय डोकी एकमेकांना ढकलतात. त्यामुळे गोळा वाढत वाढत थेंब होत नाही, एका मापावर थांबतो.

गोळ्यात साठच रेणू का? वीस का नाहीत, दोनशे का नाहीत?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर वहीच्या अर्ध्या पानावर निघतं.

गोळ्याच्या मध्यभागी पोकळी राहू शकत नाही. म्हणून त्याच्या आतल्या भागाची त्रिज्या ताणलेल्या शेपटीपेक्षा मोठी असू शकत नाही. बारा कार्बनांची शेपटी पूर्ण ताणली तर 1.67 नॅनोमीटर भरते. एवढ्या त्रिज्येच्या गोलाचं घनफळ येतं 19.5 घन नॅनोमीटर. एका शेपटीचं घनफळ 0.35 घन नॅनोमीटर. भागाकार करा: 56. मोजमापातून येणारा आकडा साठच्या आसपास असतो. कागदावरच्या एवढ्याशा हिशेबाला हे फारच जवळ आहे. चार-पाच रेणू जास्त बसतात कारण खरा मायसेल अगदी गोटीसारखा गोल नसतो, सतत चेपत-फुगत असतो.

वीसच्या गोळ्यात अडचण उलटी असते. डोकी विरळ राहतात, मधल्या फटींतून शेपट्या पाण्याला दिसत राहतात, त्यामुळे पाण्याची सुटका अर्धवटच होते. दोन-तीन रेणूंच्या जुळणीत तर फायदा जवळजवळ नाहीच. म्हणूनच सीएमसी हा उंबरठा आहे, हळूहळू चढत जाणारा रस्ता नाही. पुरेसे रेणू एकदम जमले तरच सौदा परवडतो.

आमच्या नोट्समध्ये लिहिलंय: आधी पाण्याचा पृष्ठभाग भरतो, जागा संपली की उरलेले रेणू मायसेल करतात. हे बरोबर आहे?

नाही, आणि हे वाक्य कितीतरी गाइडांत छापलेलं आहे. एसटी भरली म्हणून उरलेले प्रवासी वडापकडे वळले, अशी कल्पना त्यामागे आहे. हिशेब करून बघा.

पेल्यात 200 मिलिलिटर पाणी आहे आणि वरचा पृष्ठभाग 30 चौरस सेंटिमीटर आहे असं धरू. पृष्ठभागावर दाटीने उभा असलेला एसडीएसचा एक रेणू साधारण अर्धा चौरस नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे वर मावले सुमारे 6 × 10¹⁵ रेणू. सीएमसीला त्या पेल्यात एकूण रेणू आहेत सुमारे 10²¹. दीड लाखाहून जास्त रेणूंमागे एक वर गेला! पृष्ठभागाने गर्दी कमी केली असं म्हणणं म्हणजे दादर स्टेशनावरून एक माणूस घरी गेला म्हणून प्लॅटफॉर्म रिकामा झाला म्हणण्यासारखं आहे.

दुसरी खूण याहून सोपी. ‘जागा संपली’ हे खरं असतं तर परातीत सीएमसी जास्त यायला हवी होती आणि चंबूत कमी. तसं होत नाही. सीएमसी भांड्यावर अवलंबून नसते.

खरं चित्र असं: पृष्ठभाग, मोकळं पाणी आणि मायसेल या तीन ठिकाणी रेणूंची ये-जा सतत चालू असते. पृष्ठभाग सीएमसीच्या बराच आधी जवळजवळ भरलेला असतो. मोकळ्या पाण्यातल्या एकट्या रेणूंचं प्रमाण वाढत वाढत अशा टप्प्यावर येतं की तिथून पुढे गोळ्यात राहणं जास्त परवडतं. त्यानंतर नवे रेणू टाकले तरी एकट्यांची संख्या फारशी वाढत नाही. उदाहरणार्थ, 25 मिलिमोलच्या द्रावणात साधारण 8 मिलिमोल रेणू एकटे आणि उरलेले 17 गोळ्यांत. साठने भागलं तर गोळे स्वतः जेमतेम 0.28 मिलिमोल. पृष्ठताणही यामुळेच सीएमसीनंतर खाली उतरायचा थांबतो. शुद्ध पाण्याचा 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तो चाळिशीच्या खाली येऊन तिथेच बसतो, कारण पृष्ठभागाचा व्यवहार फक्त एकट्या रेणूंशी असतो.

सीएमसी मोजायची कशी?

पृष्ठताणावरून मोजता येते, तेलात विरघळणारा रंग पाण्यात कधी उतरायला लागतो यावरूनही कळते. पण कॉलेजात सगळ्यात सोयीची पद्धत विद्युतवाहकतेची. आमच्याकडे असं करतो:

1.15 ग्रॅम एसडीएस तोलून घ्यायचा आणि ऊर्ध्वपातित पाण्यात 100 मिलिलिटरपर्यंत न्यायचा. हे झालं 40 मिलिमोलर. हलवताना घुसळायचं नाही, फेस झाला की शंभरची खूणच दिसत नाही. हे द्रावण ब्युरेटमध्ये भरायचं. बीकरमध्ये 50 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात वाहकतामापकाचा सेल. एकेक मिलिलिटर सोडायचं, काचेच्या दांडीने सावकाश ढवळायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा. असं 25 मिलिलिटरपर्यंत.

आता इथे अर्धी मुलं चुकतात. आलेख मिलिलिटरांवर काढायचा नाही. 50 मिलिलिटर पाण्यात 10 मिलिलिटर टाकल्यावर एकूण 60 झाले, म्हणून संहती 40 × 10 ÷ 60, म्हणजे 6.67 मिलिमोलर. 13 मिलिलिटरला 8.25, 20 ला 11.4. असा प्रत्येक आकडा बदलून घेतला की दोन सरळ रेषा दिसतात. पहिली उभट: दर मिलिमोलरमागे वाहकता साधारण 65 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाढते. दुसरी पसरट: साधारण 25 ने. दोन्ही रेषा पट्टीने लांबवा, जिथे एकमेकींना छेदतात ती सीएमसी. ब्युरेट 13 च्या खुणेजवळ असताना हा मोड यायला हवा.

मोड का येतो? सीएमसीपर्यंत टाकलेल्या प्रत्येक रेणूमागे एक मोकळा सोडियम आयन आणि एक मोकळा डोडेसिल सल्फेट आयन मिळतो. गोळा झाला की साठ ऋण डोकी एका जागी येतात आणि निम्म्याहून जास्त सोडियम स्वतःला चिकटवून ठेवतात. वीज वाहून नेणारे गडीच कमी होतात, म्हणून चढ मंदावतो.

माझी सीएमसी 6 आली. सर म्हणतात पुन्हा कर. कुठे चुकलं?

पहिला संशय पाण्यावर. ऊर्ध्वपातित म्हणून ठेवलेल्या कॅनमध्ये कुणीतरी नळाचं पाणी ओतलेलं असतं. हे आमच्याकडे दोनदा झालंय, दोन्ही वेळा परीक्षेच्या आठवड्यात. पाण्यात क्षार असले की सीएमसी उतरते, कारण डोक्यांमधली ढकलाढकल जास्तीच्या सोडियममुळे झाकली जाते आणि रेणूंना जवळ येणं सोपं होतं. दर लिटरला 5.8 ग्रॅम मीठ घाला, सीएमसी थेट दीड मिलिमोलच्या आसपास येते. प्रयोग सुरू करण्याआधी नुसत्या पाण्याची वाहकता बघायची सवय ठेवा. ती काही मायक्रोसीमेन्स असायला हवी. शंभरच्या पुढे दिसली तर कॅन बदला.

दुसरा संशय एसडीएसच्या वयावर. द्रावण दिवसेंदिवस ठेवलं तर थोडा एसडीएस पाण्याने तुटून त्याचं डोडेकॅनॉल होतं. हे अल्कोहोल गोळ्यात सहज घुसतं आणि सीएमसी खाली आणतं. पृष्ठताणाने मोजलं तर ते लगेच पकडता येतं: आलेख खाली उतरून सपाट होण्याऐवजी सीएमसीपाशी खड्डा करतो आणि मग थोडा वर चढतो. असा खड्डा दिसला की पावडर शुद्ध नाही.

तिसरं, वजन. एसडीएसची पावडर नाकात गेली की शिंका थांबत नाहीत, म्हणून मुलं घाईने तोलतात. तोंडावर रुमाल बांधा आणि सावकाश तोला.

शेपटी लांब केली तर?

सीएमसी झपाट्याने घसरते. दहा कार्बनांच्या सल्फेटची 33 मिलिमोल, बाराची 8.2, चौदाची 2.1. दोन कार्बन वाढवले की चौथाई, म्हणजे एका कार्बनामागे निम्मी. शेपटी लांबली की अडकणारं पाणी वाढतं, आणि गोळा होण्यातला फायदाही.

मग वीस कार्बनांची शेपटी लावून थेंबभर साबणात काम का भागवत नाहीत? कारण लांब शेपट्यांचे रेणू घन अवस्थेत एकमेकांना इतके घट्ट धरतात की गार पाण्यात विरघळतच नाहीत. विरघळण्याची मर्यादा सीएमसीपेक्षा कमी असेल तर मायसेल बनणार कुठून? ज्या तापमानाला ही मर्यादा सीएमसीला गाठते त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. एसडीएसचं ते 16 अंशांच्या आसपास आहे. जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेली बाटली पांढऱ्या सुयांनी भरलेली दिसते, ती बिघडलेली नसते. कोमट पाण्यात धरा, पुन्हा नितळ होते. सोडियम स्टिअरेटचं क्राफ्ट तापमान याच्या कितीतरी वर, म्हणून नुसत्या स्टिअरेटची वडी गार पाण्यात नुसती बुळबुळत राहते. वड्यांमध्ये खोबरेल तेलाचा अंश घालतात तो याच कारणाने: त्यातली शेपटी आखूड असते.

बोअरच्या पाण्यात साबण लागतच नाही. त्याचा मायसेलशी काही संबंध?

अगदी थेट. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 300 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) आहे असं धरा. म्हणजे 3 मिलिमोल कॅल्शियम. कॅल्शियमचा प्रत्येक आयन साबणाचे दोन रेणू पकडून न विरघळणारा साका करतो. म्हणजे 6 मिलिमोल साबण आधी त्यातच जाणार. सोडियम ओलिएट धरला तर हे लिटरला 1.8 ग्रॅम झाले, आणि 15 लिटरच्या बादलीला 27 ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या वडीतला पावापेक्षा जास्त भाग बादलीच्या कडेला राखाडी कड म्हणून बसला, आणि अजून एकही मायसेल झालेला नाही.

प्रत्यक्षात एवढा साबण लागत नाही, कारण आपण बादलीत साबण विरघळवत नाही, ओल्या अंगावर वडी घासतो. तिथे पाणी थोडं, साबण भरपूर, त्यामुळे सीएमसी कधीच ओलांडलेली असते. कपडे भिजवताना मात्र बादलीचाच हिशेब लागू होतो. आई साबणाआधी पाण्यात धुण्याचा सोडा टाकायची, तो कॅल्शियमला कार्बोनेट करून आधीच खाली बसवतो. साबण मग कपड्यासाठी उरतो.

पुस्तकातल्या चित्रात मायसेलच्या पोटात मळाचा मोठा थेंब असतो. तसं असतं का?

मायसेल जेमतेम 4 नॅनोमीटर रुंद. त्याच्या पोटात तेलाचे मोजके रेणू मावतात. ताटावरचा तुपाचा थर त्यात बसणार नाही. ताटावर होतं ते असं: एकटे रेणू तूप आणि पाणी यांच्या सीमेवर, तसंच तूप आणि स्टील यांच्या सीमेवर जाऊन उभे राहतात, तुपाची कड वळते, थेंब सुटतो आणि घासणीच्या रेट्याने त्याचे बारीक थेंब होतात. त्या थेंबांभोवती डोकी बाहेर करून साबणाचे रेणू बसतात, म्हणून ते पुन्हा एक होत नाहीत. चित्रात दाखवतात तो हा थेंब, मायसेलच्या हजारपट मोठा. नाव मात्र मायसेलचं.

मायसेल दोन कामं करतात. थोडं तेल खरोखर पोटात घेतात, आणि सीमेवर रेणू खर्ची पडले की आपले सुटे करून पुरवतात. रेणू गोळ्यातून सुटायला काही मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे कोठार अगदी दाराशी. मात्र सीएमसी ओलांडल्यावर पावडर दुप्पट टाकून कपडे दुप्पट स्वच्छ होत नाहीत, खळबळायला पाणी तेवढं जास्त लागतं.

फेस म्हणजेच मायसेल का?

नाही. फेस हवेच्या सीमेवरचा कारभार आहे, मायसेल पाण्याच्या आतला. मायसेलने भरलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण गोळे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा शंभरपट लहान. साबणाचं पाणी दुधाळ दिसतं ते कॅल्शियमच्या साक्यामुळे किंवा सुट्या झालेल्या मेदाम्लामुळे. साबणाच्या पाण्यात लिंबू पिळून बघा, लगेच गढूळ होतं: आम्लाने डोक्याचा भार काढून घेतला, उरलं ते पाण्यात न मिसळणारं तेलच.

रिठ्याचेही मायसेल होतात?

होतात. रिठ्यातल्या आणि शिकेकाईतल्या सॅपोनिनचं डोकं साखरेच्या साखळ्यांचं असतं आणि पाणी टाळणारा भाग वलयांचा, कडक, शेपटीसारखा लवचिक नाही. त्यावर विद्युतभार जवळजवळ नसल्याने वाहकतेची पद्धत तिथे चालत नाही, पृष्ठताणच मोजावा लागतो.

हे सगळं आधी कुणाच्या लक्षात आलं?

जेम्स विल्यम मॅकबेन यांच्या, ब्रिस्टल विद्यापीठात. साबणाचं द्रावण वीज तर चांगली वाहतं, पण त्यातले कण मोजायला गेलं तर अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरतात, हे कोडं त्यांनी धरलं आणि 1913 मध्ये मांडलं की रेणू भारासकट गटाने फिरत असावेत. गोल गोळ्याचं आजचं चित्र हार्टली यांनी 1936 मध्ये पक्कं केलं. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. मुलांना हे सांगितलं की प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्यांचं नाव तरी न चुकता लिहितात.